वर्गात चालणारी क्लिप चॅनलवर का अडते?

ताई, मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला साहित्य आणि चित्रपट असा पेपर आहे, त्यासाठी वर्गात सिनेमाच्या क्लिप दाखवते. अशाच एका तासावरून १२ मिनिटांचा परीक्षणाचा व्हिडिओ केला आणि माझ्या यूट्यूब चॅनलवर टाकला. त्यात पाच क्लिप आहेत, मिळून ३ मिनिटं ४० सेकंद. आठवड्याभरात म्युझिक कंपनीचा क्लेम आला, मग निर्मात्यांचा स्ट्राइक, आणि आता एक माणूस फोन करून पैसे मागतोय, नाहीतर पोलिसांत जाऊ म्हणतोय. सहकारी म्हणतात १० सेकंदांपर्यंत चालतं. मी खाली ‘फेअर यूज’चा मजकूरही टाकला होता. शिक्षणासाठीच्या वापराला सूट असते ना? मग माझं काय चुकलं? व्हिडिओची फाइल सोबत पाठवते आहे.
— एक प्राध्यापिका, कर्वेनगर

नमस्कार,

तुमचा व्हिडिओ मी दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना हातात वही घेतली आणि प्रत्येक क्लिप कुठे सुरू होते, कुठे संपते आणि त्या वेळी तुम्ही काय बोलत असता, ते लिहून काढलं. पाचपैकी दोन क्लिप अगदी कायद्यात बसतात. एक लांबलीय. दोन बसतच नाहीत. तुम्ही शिक्षिका आहात ही गोष्ट त्या दोन क्लिपना वाचवू शकत नाही. का, ते सांगते.

आपल्याकडे हा विषय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतो. कोणत्या वापरामुळे हक्कभंग होत नाही, याची तिथे मोठी यादी आहे. तुमच्या कामाच्या नोंदी त्यात तीन. पहिली उपकलम (१) च्या खंड (अ) मधली: टीका किंवा परीक्षणासाठी केलेला न्याय्य वापर. ‘त्या कलाकृतीची किंवा दुसऱ्या कोणत्याही कलाकृतीची’ टीका, असे तिथे शब्द आहेत, ते लक्षात ठेवा, पुढे लागतील. सिनेमा आणि ध्वनिमुद्रण या सवलतीत २०१२ च्या दुरुस्तीने आले. त्याआधी हा खंड साहित्य, नाट्य, संगीत आणि चित्र-शिल्पासारख्या कलाकृतींपुरताच बोलत होता. दुसरी नोंद शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या पुनरुत्पादनाची, म्हणजे प्रत काढण्याची. तिसरी, शैक्षणिक संस्थेत सिनेमा किंवा ध्वनिमुद्रण दाखवण्या-ऐकवण्याची.

या तिन्ही सवलती वेगवेगळ्या आहेत. तुमच्या डोक्यात त्यांची एकच ‘शैक्षणिक सूट’ झाली आहे आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. सवलत क्लिपला चिकटलेली नसते, शिक्षकालाही नसते. ती त्या एका वापराला मिळते. तीच क्लिप दुसऱ्या जागी, दुसऱ्या प्रेक्षकांपुढे गेली की प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारावा लागतो.

आधी वर्गाचं पाहू, कारण तिथे तुम्ही उगाच घाबरू नये. संस्थेच्या कामाचा भाग म्हणून सिनेमा दाखवला आणि प्रेक्षक म्हणजे तिथले विद्यार्थी, कर्मचारी, विद्यार्थ्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी जोडलेली माणसं एवढेच असले, तर तो हक्कभंग नाही. क्लिपच काय, अख्खा सिनेमा दाखवलात तरी चालतं. सेकंदांची अट नाही, ‘थोडासा भाग’ अशीही अट नाही. अट आहे ती प्रेक्षकांची, आणि ती कडक आहे. हे मी पुस्तकातून नाही, ठेच लागून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेत कायदा-साक्षरतेच्या कार्यशाळेत आम्ही एक सिनेमा दाखवला. गर्दी व्हावी म्हणून बाहेर फळ्यावर लिहिलं, ‘सर्वांना मुक्त प्रवेश’. पंधरा दिवसांनी वितरकाचं पत्र आलं. कार्यशाळा शैक्षणिक होती, तिकीट नव्हतं, हेतू स्वच्छ होता. तरी फळ्यावरच्या त्या एका ओळीने आम्ही सवलतीच्या बाहेर गेलो होतो. परवान्याची रक्कम आम्ही भरली. ती भरायलाच हवी होती, असं मला आजही वाटतं.

आता वर्ग आणि चॅनल यांच्या मधली जागा. आजारी विद्यार्थ्यांसाठी तुम्ही तासाचं रेकॉर्डिंग ठेवता, त्यात क्लिप येते. इथे दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल उपयोगी पडतो. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात अभ्यासक्रमाच्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून विद्यार्थ्यांना विकली जात होती, म्हणून ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस हे प्रकाशक कोर्टात गेले होते. सप्टेंबर २०१६ मध्ये एकल न्यायाधीशांनी दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही वस्तुस्थिती तपासण्यासाठी खटला परत पाठवला, पण तत्त्व तेच ठेवलं: ‘शिकवण्याच्या ओघात’ म्हणजे फक्त तासाच्या पन्नास मिनिटांत नव्हे. तयारीपासून नंतरच्या अभ्यासापर्यंतची सगळी प्रक्रिया त्यात येते, आणि किती भाग घेतला याचं माप टक्क्यांनी न लावता शिकवण्याच्या हेतूला तो लागतो का, यावर लावायचं. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

तो निकाल पुस्तकांच्या पानांबद्दलचा आहे हे खरं, पण ज्या कलमावर तो उभा आहे ते ‘कोणत्याही कलाकृती’बद्दल बोलतं. म्हणून क्लिपसकट रेकॉर्डिंग तुमच्या वर्गातल्या नोंदणीकृत विद्यार्थ्यांनाच, लॉगिन करून, त्या सत्रापुरतं मिळत असेल तर मी तुम्हाला निर्धास्तपणे हो म्हणेन. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवणं म्हणजे मात्र दाराला कडी न लावता फक्त दार लोटून ठेवणं. ती लिंक व्हॉट्सअॅपवर एकदा गेली की कुणीही उघडू शकतं. यूट्यूबच वापरायचं असेल तर ‘प्रायव्हेट’ करा आणि ईमेल पत्ते देऊन ठरावीक जणांनाच बोलवा.

सार्वजनिक चॅनलवर व्हिडिओ टाकला की त्याचे प्रेक्षक ‘विद्यार्थी आणि पालक’ राहत नाहीत आणि वापर ‘प्रत काढण्या’पुरता राहत नाही. तो लोकांपर्यंत पोहोचवण्याचा वेगळा हक्क आहे. त्यामुळे तिथे वर्गाच्या दोन्ही सवलती संपतात, आणि तुमच्या हाती उरतं ते फक्त टीका-परीक्षण. घाबरू नका, ते लहान हत्यार नाही. पण ते शिक्षकाचं हत्यार नसून समीक्षकाचं आहे, आणि प्रत्येक क्लिपला त्याची कसोटी स्वतंत्रपणे लागते.

कसोटी काय? कायद्यात ‘न्याय्य’ची व्याख्या नाही. दहा सेकंद, तीस सेकंद, दहा टक्के, यांतला एकही आकडा कलमात नाही. तुमच्या सहकाऱ्यांचे १० सेकंद कुठून आले ते मला सांगता येणार नाही, पण न्यायाधीशांसमोर त्यांना काहीही वजन नाही. वजन आहे ते १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सिव्हिक चंद्रन यांच्या खटल्यात पाहिलेल्या तीन गोष्टींना. चंद्रन यांनी एका गाजलेल्या मल्याळम नाटकावर टीका करणारं प्रतिनाटक लिहिलं होतं आणि त्यात मूळ नाटकातले प्रसंग, संवाद घेतले होते. न्यायालयाने पाहिलं की घेतलेला भाग किती आणि कोणत्या मोलाचा आहे, तो कशासाठी घेतला, आणि त्याने मूळ कलाकृतीशी स्पर्धा होण्याची शक्यता आहे का. बराच भाग घेतला असूनही, हेतू टीकेचा आहे आणि प्रतिनाटक पाहून कुणी मूळ नाटकाची गरज संपली म्हणणार नाही, म्हणून न्यायालयाने प्रयोगावरची बंदी उठवली.

या तीन गोष्टी मी एडिटिंगच्या टेबलावर दोन प्रश्नांत उतरवते. क्लिप काढून टाकली तर माझं वाक्य लंगडं होतं का? आणि उलट, माझा आवाज बंद केला तरी प्रेक्षक ही क्लिप पाहत बसेल का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ आलं की मी ती क्लिप ठेवते. आता माझ्या वहीत उतरवलेल्या तुमच्या पाचही क्लिप घेऊ.

सुरुवातीचे ५५ सेकंद: गाण्याचा तुकडा, त्यावर तुमच्या चॅनलचं नाव सरकतं. तुम्ही गाण्याबद्दल काही बोलत नाही, नंतरही नाही. गाणं सुंदर आहे म्हणून ते दारात तोरणासारखं लावलंय. टीकेशी त्याचा संबंध नाही. बाहेर.

दुसरी, २५ सेकंद: स्वयंपाकघरातला तो प्रसंग, जिथे कॅमेरा सासूच्या चेहऱ्यावर न जाता फोडणीच्या कढईवर थांबतो. तुम्ही क्लिप मध्ये थांबवता, चौकटीचा डावा कोपरा दाखवता आणि म्हणता की या घरातला अधिकार माणसांच्या नाही, वस्तूंच्या ताब्यात आहे. फार छान वाचन आहे हे. ही चौकट डोळ्यांपुढे नसती तर ते वाक्य कुणाला पटलंच नसतं. ही ठेवा, एक सेकंदही कापू नका. उलट, २५ ऐवजी ३५ सेकंद असती तरी मी ठेवा म्हटलं असतं, कारण लांबी तुमच्या मुद्द्याने ठरली आहे.

तिसरी, २० सेकंद: ती जुन्या, वेगळ्या सिनेमातली, तुलनेसाठी. तुम्हाला हीच जास्त धोक्याची वाटली असणार, कारण परीक्षण त्या सिनेमाचं नाही. पण मघाचे शब्द आठवा, ‘किंवा दुसऱ्या कोणत्याही कलाकृतीची’. एका सिनेमाची टीका करताना दुसऱ्यातला भाग घेणं कायद्याने गृहीतच धरलं आहे. ही पण ठेवा.

चौथी, ७५ सेकंद: शेवटचा उलगडा. अडचण सेकंदांची कमी आणि मोलाची जास्त आहे. अख्खा सिनेमा ज्या क्षणासाठी श्वास रोखून बसतो, तो क्षण तुम्ही सलग, संवादांसकट दाखवला आणि तुमचं बोलणं ५० व्या सेकंदाला सुरू झालं. म्हणजे आधी प्रेक्षकाने तो प्रसंग फुकट पाहिला आणि मग टीका ऐकली. निर्मात्यांचा वकील पहिलं बोट इथेच ठेवेल आणि त्याचं चुकणार नाही. तुम्हाला त्या प्रसंगात दोनच गोष्टी दाखवायच्या आहेत: दिवा विझताना थांबलेला आवाज आणि नंतरचा लांब शॉट. त्या १२ आणि १० सेकंदांत येतात. तेवढ्याच घ्या, तुमचा आवाज पहिल्या सेकंदापासून त्यावर ठेवा, आणि मधलं तोंडी सांगा. वर्गात मात्र हीच क्लिप ७५ सेकंद दाखवा, हवं तर तिच्या आधीची वीस मिनिटंही. तिथे हरकत नव्हती आणि नाही.

पाचवी, ४५ सेकंद: शेवटी ‘आवडलं तर सबस्क्राइब करा’ म्हणताना मागे शीर्षकगीत. बाहेर. गाण्यात सिनेमापेक्षा वेगळे धागे असतात, ध्वनिमुद्रणाचा हक्क, चालीचा, शब्दांचा, आणि ते बहुतेकदा म्युझिक कंपनीकडे गेलेले असतात. म्हणूनच तुम्हाला दोन ठिकाणांहून दोन वेगळे ताप आले.

नव्या कापणीत क्लिप उरतात ६७ सेकंद, तेवढ्याच १२ मिनिटांत. आणि ते ६७ सेकंद मी कुठल्याही न्यायाधीशांसमोर उभं राहून मांडायला तयार आहे.

गाण्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवते, कारण पुण्यात शिकवणारा माणूस कधीतरी प्रभातच्या सिनेमाकडे वळतोच. सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं, वर्षअखेरीपर्यंत. त्या हिशेबाने १९३६ चा ‘संत तुकाराम’ केव्हाच मुक्त झाला, असं म्हणून लोक त्यातली ‘आधी बीज एकले’ची क्लिप खुशाल लावतात. अनेकांना ती तुकोबांचीच रचना वाटते. ती शांताराम आठवल्यांनी लिहिली आणि ते १९७५ मध्ये गेले. शब्दांचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०३५ अखेरपर्यंत जिवंत आहे. सिनेमा मोकळा झाला तरी त्यातलं गाणं मोकळं झालं असं नाही. टीका करायची असेल तर अर्थात तिथेही खंड (अ) आहेच.

चॅनलवर जाहिरातीचे चार पैसे मिळतात म्हणून तुमची सवलत गेली, असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. वर्तमानपत्रातल्या समीक्षकालाही मानधन मिळतं. तुमचं परीक्षण कडक होतं आणि त्याने दोन तिकिटं कमी खपली असतील, तर तेही ‘स्पर्धे’त मोडत नाही. टीकेने होणारं नुकसान वेगळं आणि सिनेमाच्या जागी क्लिप पाहिल्याने होणारं नुकसान वेगळं. कायदा या दुसऱ्या नुकसानाचा विचार करतो. क्लिप आणली कुठून हे मात्र महत्त्वाचं. टेलिग्रामवरची चोरीची प्रत घेऊन ‘माझा वापर न्याय्य होता’ म्हणणं फार अवघड जातं, आणि थिएटरात मोबाइलवर सिनेमा उतरवणं हा २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनंतर तीन महिने ते तीन वर्षं कैदेचा वेगळा गुन्हा आहे. तुम्ही ओटीटीचं स्वतःचं सदस्यत्व वापरलंत, ते बरं केलंत. त्याची पावती जपून ठेवा.

व्हिडिओखालचा तो मजकूर आजच काढा. मी वाचला. त्यात ‘कॉपीराइट कायदा १९७६, कलम १०७’ असं लिहिलंय. तो अमेरिकेचा कायदा आहे. आपल्याकडची अर्धी चॅनलं तो परिच्छेद जसाच्या तसा चिकटवतात. अमेरिकेचं ‘फेअर यूज’ कोणत्याही हेतूला उघडं आहे, तिथे चार निकष लावून न्यायालय ठरवतं. आपलं ‘फेअर डीलिंग’ तसं नाही: खंड (अ) मध्ये तीनच हेतू आहेत, स्वतःचा वापर व संशोधन, टीका-परीक्षण, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. तुमची गोष्ट त्यांत बसली तरच पुढे ‘न्याय्य आहे का’ हा प्रश्न येतो. मनोरंजन, आठवणी, ‘श्रद्धांजली’चे व्हिडिओ, रिअॅक्शनच्या नावाखाली गप्प बसून पाहणं, हे हेतू आपल्या यादीत नाहीत. निर्मात्यांचं नाव श्रेय म्हणून देणं चांगलंच, पण श्रेय ही परवानगी नव्हे.

आता स्ट्राइकचं. क्लेम आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या जाती आहेत. क्लेम बहुतेकदा यंत्रणेने जुळवून काढलेला असतो, व्हिडिओ राहतो पण जाहिरातीचे पैसे दुसरीकडे वळतात. त्यावर वाद नोंदवला तर दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. स्ट्राइक म्हणजे कुणीतरी रीतसर मागणी करून व्हिडिओ उतरवायला लावलाय. तो ९० दिवसांनी जातो, पण त्या मुदतीत तीन झाले तर चॅनल जातं. व्हिडिओ स्वतः डिलीट केल्याने स्ट्राइक जात नाही, म्हणून घाईत तसं काही करू नका.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत, काउंटर नोटिफिकेशन द्यायचं किंवा तक्रारदाराला ती मागे घ्यायला सांगायचं. तुमचे विद्यार्थी तुम्हाला पहिली वाट सुचवतील. मी नको म्हणते. काउंटर नोटिफिकेशनमध्ये तुम्ही शपथेवर सांगता की व्हिडिओ चुकून किंवा गैरसमजातून उतरवला गेला, आणि अमेरिकेतल्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्रही मान्य करता. त्यानंतर तक्रारदाराकडे कामकाजाचे १० दिवस असतात. तेवढ्यात त्याने कोर्टात गेल्याचं दाखवलं नाही तर व्हिडिओ परत येतो. तुमचा व्हिडिओ दुसऱ्या आणि तिसऱ्या क्लिपपुरताच असता तर मीच तुम्हाला ते भरून दिलं असतं. पण जो व्हिडिओ उतरवला गेला त्यात पहिली आणि पाचवी क्लिप होती. त्याच्याबद्दल शपथेवर ‘चूक झाली’ असं तुम्ही प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. म्हणून निर्मात्यांना लिहा, आणि नवी कापणी नवा व्हिडिओ म्हणून टाका. मात्र स्ट्राइक मागे घेतल्यानंतर किंवा त्यांच्या उत्तराची वाट पाहून, आधी नाही.

फोन करणाऱ्या माणसाशी तोंडी बोलणं थांबवा. पोलिसांची भीती पोकळ नाही, ते आधी सांगते. जाणूनबुजून केलेला हक्कभंग कलम ६३ खाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला आहे. पण ‘जाणूनबुजून’ हा शब्द तिथे आहे. परीक्षण करणाऱ्या प्राध्यापिकेने दोन क्लिप चुकीच्या लावल्या आणि कळल्यावर काढल्या, हे चित्र त्या शब्दात सहज बसत नाही. आणि कायद्याने तुम्हालाही एक ढाल दिली आहे: कलम ६०. हक्कभंग झालेला नसताना कुणी कोर्टाची धमकी देत असेल, तर ती धमकी निराधार आहे असं जाहीर करून घेण्यासाठी आणि ती थांबवण्यासाठी तुम्ही स्वतः दावा लावू शकता. आज ते करू नका, कारण आज तुमचे हात पूर्ण स्वच्छ नाहीत. नव्या व्हिडिओत क्लिप ६७ सेकंदांवर आल्यावरही फोन चालूच राहिला तर माझ्याकडे या. वकिलाशिवाय ‘माझी चूक झाली, माफ करा’ असा व्हॉट्सअॅप मेसेजही पाठवू नका. आपल्या मराठी सौजन्याने लिहिलेलं ते वाक्य पुढे कबुलीजबाब म्हणून वाचलं जातं.

निर्मात्यांना ईमेल करा, फोनवरच्या माणसाला नाही. मजकूर असा ठेवा, हवं तर हाच घ्या:

‘आपल्या तक्रारीवरून माझा परीक्षणाचा व्हिडिओ उतरवण्यात आला आहे. त्यातील गीताचे दोन भाग मी नव्या आवृत्तीतून काढले आहेत आणि शेवटच्या प्रसंगाचा भाग २२ सेकंदांवर आणला आहे. उरलेले भाग हे कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(अ) नुसार टीका व परीक्षणासाठी केलेला न्याय्य वापर आहेत. नवी फाइल सोबत जोडत आहे. यातील कोणत्या भागाला, कोणत्या मिनिट-सेकंदाला आणि कोणत्या हक्काच्या आधारे आपली हरकत आहे, तसेच आपल्या वतीने रकमेची मागणी करणाऱ्या व्यक्तीला आपण अधिकार दिला आहे का, हे लेखी कळवावे. हरकत नसल्यास तक्रार मागे घ्यावी, ही विनंती.’

सोबत फाइल जोडा, पाठवल्याची तारीख वहीत लिहा आणि १५ दिवस थांबा. तोपर्यंत उलगड्याचे ते ७५ सेकंद सोमवारच्या तासाला वर्गात सलग दाखवा. मुलांना त्या दिव्याबद्दल काय वाटतं ते ऐकायला मलाही आवडेल.